एक थेंब, एक नुक्ता

रक्तात जात असते, असं आपल्याकडे सहज बोललं जातं. "शेवटी रक्त बोलतंच," हे वाक्य मी नांदेडच्या स्टाफरूममध्येही ऐकलं आहे आणि लातूरच्या लग्नांतही. बोलणाऱ्यांत हिंदू असतात, मुसलमानही असतात. आणि हीच माणसं अमेरिकेतल्या "एका थेंबाच्या नियमा"बद्दल वाचलं की हळहळतात. किती अमानुष लोक, म्हणतात. पूर्वजांत एक जरी आफ्रिकी माणूस निघाला तरी सात पिढ्यांनंतरच्या गोऱ्या पोराला काळा ठरवायचं, हा कुठला न्याय?

न्याय नव्हताच. पण तो नियम परका आहे असं समजून आपण जी सुटका करून घेतो, तिला माझा आक्षेप आहे. मराठीला हा हिशोब शिकवायला अमेरिकेला यावं लागलं नाही. आपल्याकडे "अक्करमासा" हा शब्द आहे. तोळा बारा माशांचा असतो, अक्करमासा म्हणजे अकराच मासे भरलेला. एक मासा कमी, म्हणून माणूस खोटा. रक्ताचा अपूर्णांक काढणारा शब्द आपण शिवी म्हणून वापरतो आणि त्यात गणित आहे हे विसरून जातो.

आधी अमेरिकेचं नीट पाहू, कारण तिथे हा नियम कसा घडत गेला हे कागदावर दिसतं.

व्हर्जिनिया ही इंग्रजांची वसाहत होती. इंग्रजी रिवाजाप्रमाणे मूल बापाचं. बाप स्वतंत्र, तर मूल स्वतंत्र. १६५६ साली एलिझाबेथ की नावाची बाई कोर्टात गेली. आई आफ्रिकी गुलाम, बाप इंग्रज. बाप इंग्रज आणि आपण बाप्तिस्मा घेतलेली ख्रिस्ती, म्हणून आपण गुलाम नाही, असं तिचं म्हणणं होतं. ती जिंकली. सहा वर्षांनी, १६६२ मध्ये, व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने कायदा केला की मूल स्वतंत्र की गुलाम हे आईच्या स्थितीवरून ठरेल. एका ओळीत शतकांचा रिवाज उलटा झाला. मालकाने गुलाम बाईपासून जन्माला घातलेलं मूल आता त्याचं लेकरू राहिलं नाही, त्याची मालमत्ता झालं.

मूल नेहमी खालच्या बाजूला मोजायचं, या रीतीला मानववंशशास्त्रज्ञ "हायपोडिसेंट" म्हणतात. आपण "उतरता वंश" म्हणू. इथे एक गोष्ट आपल्या वाचकांना मुद्दाम सांगतो. इस्लामी फिक्हमध्ये मालकाला बांदीपासून झालेलं मूल, त्याने ते आपलं मानलं की, स्वतंत्र असतं. ते बापाच्या नसबचं असतं आणि त्या आईला विकता येत नाही. तिला "उम्मे वलद" म्हणतात. गुलामी दोन्हीकडे होती, पण मुलाचं काय करायचं याची उत्तरं उलट होती. म्हणून रक्ताचा नियम निसर्गातून येतो असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा, कोणत्या निसर्गातून? तो माणसाने केलेला नियम आहे आणि तो कुणाच्या तरी फायद्याचा असतो.

पुढची पायरी अपूर्णांकांची. १७८५च्या व्हर्जिनियाच्या कायद्यात एक चतुर्थांश आफ्रिकी रक्त असेल तर माणूस "मुलाटो", म्हणजे चार आजी-आजोबांपैकी एक. १९१० मध्ये हद्द एक सोळांशावर आली, म्हणजे खापरपणजोबांच्या पिढीतला एक. १९२४ मध्ये अपूर्णांकच संपला. "वंशशुद्धी कायद्या"ने सांगितलं की गोरा तोच, ज्याच्यात गोऱ्याखेरीज दुसऱ्या रक्ताचा मागमूसही नाही. हा क्रम बघा. गुलामी होती तेव्हा हद्द सैल होती, कारण माणसाला जखडायला गुलामी पुरेशी होती. गुलामी १८६५ मध्ये गेली आणि हद्द आवळत गेली.

त्याच १९२४च्या कायद्यात एक पळवाट ठेवली होती. पोकाहॉन्टस या आदिवासी मुलीचे वंशज म्हणवून घेणारी बडी घराणी व्हर्जिनियात होती आणि त्यांना त्या नात्याचा अभिमान होता. मागमूसही चालणार नाही म्हटलं तर तीच गोऱ्यांतून बाहेर पडली असती. म्हणून सोळांश किंवा त्याहून कमी अमेरिकी आदिवासी रक्त असेल तर माणूस गोराच धरायचा, अशी सवलत लिहिली गेली. रक्त तेच, पण खानदान मोठं असेल तर थेंब मोजायचा नाही.

आणि हा कायदा चालवला कुणी? न्यायाधीशांपेक्षा एका नोंदणी अधिकाऱ्याने. वॉल्टर प्लेकर हा १९१२ ते १९४६ व्हर्जिनियाच्या जन्म-मृत्यू नोंदणीचा प्रमुख होता. व्हर्जिनियात शुद्ध आदिवासी उरलेच नाहीत, स्वतःला आदिवासी म्हणवणारे सगळे मिश्र आहेत, असं त्याचं ठाम मत होतं. तो एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या नोंदवह्या काढायचा. त्यात एखाद्या कुटुंबासमोर "स्वतंत्र काळा" असं लिहिलेलं दिसलं की त्या आडनावाच्या आजच्या लेकरालाही तो "काळा" ठरवायचा आणि जन्मदाखल्याच्या मागे तसा शेरा मारायचा. १९४३ मध्ये त्याने जिल्ह्यावार आडनावांची यादीच नोंदणी कारकुनांना पाठवली, या आडनावांवर नजर ठेवा म्हणून.

वंशशुद्धी कायद्याचं लग्नबंदीचं कलम १२ जून १९६७ रोजी लव्हिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. पण प्लेकरच्या शेऱ्यांचं काम संपलं नाही. व्हर्जिनियातल्या सहा आदिवासी जमातींना केंद्राची मान्यता मिळायला २०१८ साल उजाडलं, कारण "तुम्ही सलग आदिवासी होता याचा कागद दाखवा" असं विचारलं जायचं, आणि कागद प्लेकरने बिघडवून ठेवले होते. रक्ताच्या नावाने चाललेला हा कायदा खरं तर शाईचा होता. रक्त कुणीच तपासलं नाही. तपासली गेली ती एका कारकुनाची नोंद.

हे लक्षात ठेवून आता मराठवाड्यात या.

तुम्ही इथे राहत असाल तर गेल्या काही वर्षांत एक नवा उद्योग पाहिला असेल. लोक जुनी कागदपत्रं शोधत हिंडतायत. खासरा पत्रक, कोतवाल बुक, शाळेचा प्रवेश निर्गम उतारा, निजामाच्या काळातले महसुली कागद. त्यातले बरेच उर्दूत आहेत, म्हणून आमच्यासारख्या उर्दूच्या शिक्षकांकडे झेरॉक्स घेऊन माणसं येतात. "सर, एवढा एक शब्द वाचून द्या." सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला नेमली गेली, तेव्हापासून ही वर्दळ वाढली. मराठा कुटुंबाच्या पणजोबाच्या नावापुढे कुठेतरी "कुनबी" सापडलं, की वंशावळ जोडून सगळ्या शाखेला कुणबी दाखला मिळण्याची वाट उघडते. ज्यांच्या वह्या वाळवीने खाल्ल्या त्यांचा पणजोबा तोच नांगर धरत होता, तरी वाट बंद.

मराठा समाजाला आरक्षण मिळावं की नाही, हा आजचा विषय नाही. विषय पद्धतीचा आहे. ज्याला हवं त्याचा हक्क आणि ज्याला नको त्याची बेडी, दोन्ही एकाच यंत्रातून निघतात हे दाखवायचं आहे. अमेरिकेत थेंब माणसाला खाली ओढायचा आणि लोक तो लपवायचे. इथे नोंद सवलतीचं दार उघडते, म्हणून लोक ती शोधतात. दिशा उलटी, यंत्र तेच. जुन्या वहीतला एक शब्द चार पिढ्यांनंतरच्या माणसाला "तू कोण" हे सांगतो.

आता हा शब्द किती पक्का असतो ते सांगतो, कारण हे माझ्या धंद्यातलं आहे. जुने कारकून शिकस्ता वळणात लिहायचे. घाईत नुक्ते गाळायचे. "पिंजारा" आणि "बंजारा" हे दोन शब्द उर्दूत लिहून पाहा. पहिलं अक्षर सोडलं तर बाकी सगळं एकच आहे. पिंजाऱ्याच्या "पे"खाली तीन नुक्ते, बंजाऱ्याच्या "बे"खाली एक. नुक्ते गळले की कापूस पिंजणारा मुसलमान आणि तांड्यावरचा बंजारा कागदावर एकच होतात. महाराष्ट्रात पहिला इतर मागासवर्गात, दुसरा विमुक्त जाती-भटक्या जमातींत. मी नुसता शब्द बघून सांगू शकत नाही. आजूबाजूची नावं, गाव, पुढच्या ओळीतला धंदा हे सगळं बघावं लागतं, आणि तरी कधी कधी "सांगता येत नाही" असंच उत्तर द्यावं लागतं. अमेरिकेत एक थेंब, आपल्याकडे एक नुक्ता.

आपल्या समाजात याचा फटका कसा बसतो ते एका उदाहरणाने पाहू. समजा लातूर जिल्ह्यातल्या एका गावात पिंजारी कुटुंब आहे. आजोबा गाद्या भरायचे, धनुकली घेऊन गावोगाव फिरायचे, आणि सगळा गाव त्यांना पिंजारीच म्हणायचा. पिंजारी इतर मागासवर्गात आहेत, बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन यांच्यासारखेच. नातीला इंजिनीअरिंगला जायचं आहे. उपविभागीय अधिकाऱ्याकडून जातीचा दाखला, मग जिल्हा पडताळणी समितीकडून वैधता. १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा जातीचा पुरावा हवा. आजोबांच्या शाळेचा उतारा निघतो. त्यात जातीच्या रकान्यात एकच शब्द आहे, "मुसलमान".

गुरुजींनी त्या दिवशी एवढंच विचारलं आणि एवढंच लिहिलं. शेजारच्या ओळीत हिंदू मुलापुढे "कोळी", "धनगर", "माळी" असं लिहिलं. आपल्या मुलापुढे धर्म लिहून जातीचा रकाना भरला. २०००च्या महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्र कायद्याप्रमाणे जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची आहे, आणि स्वातंत्र्यापूर्वीचे जुने कागद सगळ्यांत वजनदार धरले जातात. म्हणजे धनुकलीचा आवाज ज्या गावाने तीस वर्षं ऐकला त्या गावाची साक्ष हलकी, आणि एका सकाळी घाईत लिहिलेला एक शब्द जड.

समजा तिच्या चुलत्याच्या हाती एखादा महसुली कागद लागला, ज्यात पणजोबांच्या नावापुढे "पिंजारा" आहे. मग चुलत्याची वैधता झाली की तिचीही वाट सोपी होते, कारण बापाकडचं रक्ताचं नातं पुरावा म्हणून चालतं. पण वैधता आत्याच्या नवऱ्याकडे असेल, किंवा मामाकडे, तर ती चालत नाही. मामाही पिंजारी, आईही पिंजारी, घरात तीच धनुकली. तरी नियमांतला "नातेवाईक" बापाकडचाच. जानेवारी २०२४ मध्ये सरकारने "सगेसोयरे" या शब्दाने ही चौकट रुंदावणारा मसुदा काढला, तेव्हा किती गदारोळ झाला ते आठवा. त्या गदारोळात आईच्या बाजूचं काय, हा प्रश्न जवळपास कुणी विचारला नाही.

आईच्या बाजूचा प्रश्न आला की अक्करमाशांकडे परत यावं लागतं. शरणकुमार लिंबाळे यांचं "अक्करमाशी" १९८४ मध्ये आलं. आई महार, बाप लिंगायत पाटील. आडनाव बापाकडचं, वस्ती आईकडची. पाटलाच्या वाड्यात जागा नव्हती, उपाशी पोट महारवाड्यात. त्या घरात आजीबरोबर राहणारा "दादा" हा मुसलमान होता, एस. टी. स्टँडवर हमाली करणारा, आणि त्याने या मुलाला जीव लावला. उतरत्या वंशाचा याहून स्पष्ट मराठी दाखला मला माहीत नाही. समाज मूल आईकडे टाकतो, कागद मात्र बाप विचारतो.

या पेचावर सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१२ रोजी रमेशभाई नाईका खटल्यात निकाल दिला. न्यायमूर्ती आफताब आलम आणि रंजना प्रकाश देसाई. गुजरातेतला माणूस, आई नायक आदिवासी, बाप क्षत्रिय. बाप बिगर आदिवासी एवढ्या कारणावर त्याचा दाखला रद्द झाला होता. कोर्टाने सांगितलं की मूल बापाच्या जातीचं धरायला सुरुवातीला हरकत नाही, बाप वरच्या जातीचा असेल तर हे गृहीत आणखी बळकट, पण ते अंतिम नाही. आईच्या समाजात वाढलो, त्याच समाजासारखे अपमान आणि अडचणी सोसल्या, आईचे लोकही आपलं मानत होते आणि बाहेरचेही तसंच वागवत होते, हे मूल सिद्ध करू शकतं. म्हणून प्रकरण पुराव्यावर पुन्हा ठरवायला परत गेलं.

हा निकाल मला महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न बदलल्यामुळे. "तुझ्यात कुणाचं रक्त आहे" हा प्रश्न सोडून कोर्टाने "तुला कसं वागवलं गेलं" हा विचारला. अन्याय रक्तावर होत नाही, माणसावर होतो. भरपाईही त्या वागणुकीची असते. दुसरा प्रश्न विचारणं कष्टाचं आहे, त्यासाठी गावात जावं लागतं, साक्षी घ्याव्या लागतात, आणि साक्षी खोट्याही निघतात. पण वहीसुद्धा खोटी असू शकते, एवढं तर आपण प्लेकरकडून शिकलो.

आता सगळ्यांत मोठी विसंगती. १९५०च्या अनुसूचित जाती आदेशाचा तिसरा परिच्छेद सांगतो की हिंदू, शीख किंवा बौद्ध नसलेला माणूस अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही. आधी फक्त हिंदू होते, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. मुसलमान आणि ख्रिस्ती बाहेर. सरकारी युक्तिवाद असा की या धर्मांत जात नाही, धर्म बदलला की अस्पृश्यता संपली.

ठीक, मान्य करून बघू. मग २६ फेब्रुवारी २०१५चा के. पी. मनू खटल्याचा निकाल वाचा. केरळातला माणूस, आजोबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला, म्हणजे हा जन्माने ख्रिस्ती. मोठेपणी तो हिंदू झाला. पूर्वज अनुसूचित जातीचे होते, खरोखर धर्म बदलला आहे आणि समाजाने परत स्वीकारलं आहे, हे दाखवता आलं तर पूर्वजांची जात त्याला मिळते, असं कोर्टाने ठरवलं आणि त्याचा दाखला टिकला.

त्या माणसाला हक्क मिळाला याचा मला आनंदच आहे. पण तर्काचं काय? तो ख्रिस्ती होता तोवर त्याच्यात जात नव्हती. धर्म बदलला आणि जात आली. दोन पिढ्या ती होती कुठे? मेली असेल तर जिवंत कशी झाली, आणि झोपली असेल तर झोपेतही ती जातच होती ना? मग चर्चमध्ये किंवा मशिदीत बसलेल्या त्याच्या भावाला ती का लागू नाही? कायदा एका दमात सांगतो की धर्माने जात धुऊन निघते, आणि दुसऱ्या दमात सांगतो की ती रक्तात वाहत राहते, फक्त दार योग्य हवं. पोकाहॉन्टसची सवलत आठवा. थेंब मोजायचा की नाही हे थेंबावर ठरत नाही, तो कुणाचा आहे यावर ठरतं. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने हा परिच्छेद काढून टाकायची शिफारस केली होती. तो अजून जागेवर आहे.

एवढं सरकारला सुनावल्यावर घरात यायलाच हवं. "आपल्यात जात नाही" हे वाक्य सरकारी वकिलाआधी आपणच बोललो आहोत. जलशात बोलायला बरं वाटतं. पण रिश्ता बघताना "कौन लोग हैं?" हा पहिला सवाल असतो. हनफी किताबांतली कुफूची चर्चा उघडा, त्यात नसब आहे, पेशाही आहे, आणि विणकर कुणाच्या बरोबरीचा नाही याचीही खल आहे. सय्यद घरातल्या मुलीने पिंजाऱ्याशी निकाह केला तर लोक तिच्या मुलांना सय्यद म्हणतात की पिंजारी? आणि सय्यद मुलाने पिंजाऱ्याची मुलगी केली तर तिचं मूल सय्यद म्हणवतं, पण लग्नाच्या वेळी "नानीहाल" हळूच विचारलं जातं. हा आपला एक मासा कमी. कुराणात माणसांची प्रतिष्ठा तकव्यावर आहे, पण आपल्या बैठकीत ती आडनावावर आहे. मग गुरुजींनी वहीत नुसतं "मुसलमान" लिहिलं याचा राग करताना हेही आठवावं की अनेकदा तो शब्द आपल्याच बापजाद्यांनी सांगितला होता, कारण पिंजारी म्हणवून घ्यायची लाज वाटायची. लाजेने लपवलेला धंदा आज नातीच्या फीमध्ये वसूल होतोय.

माझी मागणी तीन गोष्टींची आहे. पडताळणीत "मुसलमान" हा शब्द जात नसल्याचा पुरावा धरू नये, कारण तो जातीच्या प्रश्नाला दिलेलं उत्तरच नाही. त्या घराचा धंदा, वस्ती, लग्नसंबंध आणि गावाची वागणूक यांना कागदाइतकं वजन मिळावं, आणि त्यात आईची बाजू बापाइतकी मोजली जावी. आणि तिसरा परिच्छेद जावा. अन्याय झाला की नाही हे तपासा, पण कुठल्या दारात नतमस्तक होतो यावरून ते ठरवू नका.

आपल्याकडून एवढं तरी व्हावं, की शाळेत मुलाचं नाव घालताना जातीच्या रकान्यात खरं लिहावं. पिंजारी असाल तर पिंजारी लिहा, नदाफ म्हणत असाल तर तेही विचारून लिहा. आणि नंतर त्याच मुलाच्या लग्नात तो शब्द विचारू नका. पहिलं काम केलं आणि दुसरं नाही, तर आपण प्लेकरचेच कारकून.